विषय : वॉरंटीत असलेल्या फ्रिजच्या गॅस चार्जिंगचे घेतलेले पैसे परत करा

नमस्कार,

तुमच्या सर्विस सेंटरला फोन केला की "सर सिस्टीममध्ये आउट ऑफ वॉरंटी दिसतंय" एवढंच उत्तर येतं, म्हणून हे लेखी पाठवतोय. सोबत वॉरंटी कार्डच्या दोन्ही बाजूंचे, बिलाचा आणि फ्रिजच्या आतल्या स्टिकरचा असे फोटो जोडलेत. मोठे करून बघा प्लीज, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

फ्रिज आम्ही धनत्रयोदशीला, म्हणजे 10 नोव्हेंबर 2023 ला सांगलीतल्या डीलरकडून घेतला, बिलावर तीच तारीख छापलीये. 22 ऑक्टोबर 2024 ला खालचा कप्पा गार होईना आणि कॉम्प्रेसर मात्र सारखा चालूच, तेव्हा कंप्लेंट टाकली. टेक्निशियन आला, कंडेन्सरच्या जॉइंटला लीक आहे, गॅस गेलाय म्हणाला, आणि काम त्याने व्यवस्थित केलं हेही सांगतो, फ्रिज आता मस्त चालतोय. पण जॉबशीटवर त्याने "आउट ऑफ वॉरंटी" लिहिलं आणि गॅस चार्जिंग 2,600, ड्रायर 350, दाराचं गॅस्केट 1,150, व्हिजिट 500, वर 18 टक्के जीएसटी, असे 5,428 रुपये घेतले. घरात दूध-भाज्या खराब होत होत्या म्हणून तेव्हा दिले.

आता पहिला मुद्दा तारखेचा. तुमची सिस्टीम वॉरंटी मोजते जून 2023 पासून. तो फ्रिज फॅक्टरीत बनल्याचा महिना आहे, आतल्या स्टिकरवर सिरीयल नंबरच्या खालीच छापलाय. कार्डच्या मागे कलम 2 मध्ये तुम्हीच लिहिलंय की वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून 12 महिने, आणि बिल दाखवता आलं नाही तरच बनवल्याच्या महिन्यापासून. मी तर बिल दाखवलं ना! त्यावर फोनवरच्या मॅडम म्हणाल्या की कार्डवरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर जुळत नाही. कार्ड दुकानदाराने बॉलपेनने भरलंय, त्याचा शेवटून तिसरा आकडा फोटोत 7 वाटतो, पण तो 1 आहे, वर जरा शेपूट काढलीये एवढंच (त्याच कार्डवर पिनकोडमधला 1 पण त्याने तसाच काढलाय, बघा). बिलावर नंबर कॉम्प्युटरने छापलेला आहे आणि तो स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळतो. हाताने लिहिलेलं आणि छापलेलं यात फरक पडला तर मशीनवर काय आहे ते बघायचं, एवढं साधं आहे हे.

म्हणजे फ्रिज बिघडला तेव्हा पहिलं वर्ष संपलेलं नव्हतं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण तारीख मान्य केली तरी "गॅस वॉरंटीत येतच नाही" असं तुमच्या सुपरवायझरने मला ऐकवलं आणि कार्डवरची ओळ वाचून दाखवली, "गॅस चार्जिंग, लेबर व वाहतूक खर्च ग्राहकाचा". ओळ खरी आहे पण ती कुठे आहे ते बघा ना. ती कलम 4 मध्ये आहे, आणि त्याची सुरुवातच "दुसऱ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत फक्त कॉम्प्रेसर" अशी आहे. पुढच्या नऊ वर्षांत कॉम्प्रेसर फुकट मिळेल पण तो बसवायची मजुरी आणि गॅस आमच्या खिशातून, असा त्याचा अर्थ. समोरच्या पानावर तुम्ही ठळक "10 वर्षं" छापता आणि ही अट मागे बारीक अक्षरात, हे मला आवडलेलं नाही पण ते असो, आत्ता तो विषय नाही.

पहिल्या वर्षाचं कलम 3 आहे. त्यात सगळे पार्ट आणि लेबर मोफत, आणि काय येत नाही त्याची यादी दिलीये : बल्ब, काच, प्लास्टिकचे भाग, गॅस्केट. या यादीत गॅस नाही. लीक कंडेन्सरच्या जॉइंटला होतं, तो तुमचाच पार्ट, आम्ही सुरी-बिरी काही लावली नव्हती आणि जॉबशीटवरही तसं काही लिहिलेलं नाही. लीक काढायचं म्हणजे सिस्टीम उघडावी लागते, उघडली की ड्रायर बदलावाच लागतो आणि गॅस परत भरावाच लागतो, त्याशिवाय रिपेअर पूर्णच होत नाही. मग लीक वॉरंटीत आणि गॅस बाहेर असं कसं चालेल?

गॅस्केटचं मी भांडत नाही. ते कोपऱ्यात फाटलं होतं, यादीत स्पष्ट लिहिलंय, त्याचे जीएसटीसकट 1,357 रुपये तुमचे. बाकी गॅस, ड्रायर आणि व्हिजिटचे जीएसटीसकट 4,071 रुपये होतात ते ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत हवेत. आणि सिस्टीममधली तारीख 10 नोव्हेंबर 2023 अशी दुरुस्त करून द्या, नाहीतर पुढे कधी कॉम्प्रेसर गेला तरी हाच वाद परत होणार.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नकार असेल तर कार्डवरच्या कुठल्या कलमाखाली ते नंबरासकट लिहा, म्हणजे 1915 हेल्पलाइनला आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात तेच जोडता येईल.

एक ग्राहक, सांगली