ऑनलाइन जमा आणि रात्रीचा मेळ

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दुकानाच्या चालू खात्याला जोडलेला क्यूआर कोड आणि रक्कम बोलून दाखवणारा स्पीकर तुम्हाला मिळाला, हे वाचून बरे वाटले. बाबांच्या बचत खात्याचा जुना कोड आता काउंटरवरून काढून टाकावा, कारण घरचे आणि दुकानाचे पैसे एकाच खात्यात मिसळले की रात्री हिशेब लागणे कठीण होते.

बाबा, तुम्ही लिहिले आहे की बँकेतील जमा आणि दिवसाची विक्री जुळत नाही. ती जुळणारही नाही, कारण क्यूआर कोड देणारी कंपनी अनेक व्यवहारांची एकत्र रक्कम खात्यात भरते आणि संध्याकाळची विक्री पुष्कळदा दुसऱ्या दिवशी जमा होते. म्हणून विक्री ताडून पाहायची ती ॲपमधील त्या तारखेच्या व्यवहारांच्या यादीशी. बँकेची जमा ताडायची ती ॲपच्या ‘सेटलमेंट’ यादीशी. ही दोन कामे वेगळी ठेवावीत.

तुम्ही कळवलेल्या शनिवारच्या आकड्यांवरून मेळ घालून पाहिला. बिलांची बेरीज १४,६४० रुपये. गल्ल्यात ६,८४० होते. त्यातून सकाळचे सुट्ट्यांचे १,००० वजा केले आणि टेम्पोवाल्याला दिलेले १५० मिळवले, की रोख विक्री ५,९९० येते. ॲपमध्ये ८,३१० दिसतात, पण त्यातले ५०० जुन्या उधारीचे आहेत, म्हणून त्या दिवसाच्या विक्रीचे ७,८१० धरायचे. नवी उधारी ६००. एकूण १४,४००, म्हणजे २४० कमी.

आई, तू प्रत्येक ऑनलाइन बिलावर ‘ऑ’ लिहितेस, त्याचा इथे फार उपयोग झाला. तशा बिलांपैकी २४० रुपयांचे एकच बिल ॲपच्या यादीत नाही. राजवाड्याकडची गर्दी वाढली की गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा दाखवून निघून जाते, पण त्या पडद्यावर विसंबू नये. स्पीकर बोलला नाही, तर ॲप उघडून रक्कम आणि वेळ पाहावी, आणि नोंद दिसल्यावरच माल द्यावा.

एखाद्याच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानाला पोचले नाहीत, तर गल्ल्यातून परत देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे ५ दिवसांत त्याच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. त्याने रोख दिले असतील, तर बिलामागे त्याचा १२ अंकी यूटीआर क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे ती रक्कम उशिरा आपल्याकडे जमा झालीच तर कोणाला परत करायची ते कळेल.

शनिवारचे ते २४० तूर्तास रोजमेळात ‘येणे’ म्हणून वेगळे लिहावेत. रविवार आणि सोमवारची यादी पाहून मला कळवावे.

तुमचा,
नितीन