पावशेर, नऊवार, सोळा आणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

पणजीच्या शंभरीला तू ‘टोस्ट’ करणार म्हणालीस. आपल्याकडे त्याला चार शब्द बोलणं म्हणतात. औक्षण झालं की बोल, हातात पन्ह्याचा पेला धर, म्हणजे तुझी हौसही भागेल. जेवणानंतर मात्र नको. तोवर पणजी थकलेली असते आणि पाहुणे सुस्तावलेले असतात.

बोलणं साडेतीन-चार मिनिटांचं ठेव. पणजीला कळेल अशा संथ चालीत त्यात चारशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे हाताने लिहिलेली दोन-अडीच पानं. त्यात शंभर वर्षं बसत नाहीत, हे आधी मान्य कर. अशा भाषणांत सगळे एकच यादी वाचतात: कंदिलापासून विजेपर्यंत, बैलगाडीपासून विमानापर्यंत, मग मोबाइल. ती यादी कुणाच्याही पणजीला लागू पडते, म्हणून ती आपल्या पणजीची राहत नाही. तू एकच धागा घे. मी मापं आणि नाणी सुचवते. ती वस्तू म्हणून गेली, पण शब्द तिच्या तोंडात अजून आहेत. ऐकणाऱ्यांच्याही तोंडात आहेत, त्यांना ते ठाऊक नसतं इतकंच.

आधी तिच्याशी बोलून घे, पण ‘पूर्वी कसं होतं गं?’ असं विचारू नकोस. त्यावर ‘सगळं स्वस्त होतं’ एवढंच उत्तर येतं. गूळ कशात मोजून मिळायचा, ज्वारी घरी यायची ती पायलीने की पोत्याने, लुगडं किती वारांचं, असं विचार. हातात काहीतरी देऊन विचारलंस तर आणखी बरं. माझ्या कपाटात भोकाचा पैसा आहे. महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून 1943 पासून 1947 पर्यंत मधोमध भोक पाडलेला ब्रॉंझचा पैसा काढत, तो हा. असे चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया. तो तिच्या तळहातावर ठेव आणि गप्प बस.

आता हिशेब नीट समजून घे, कारण चूक इथेच होते. रुपयाला सोळा आणे, आण्याला चार पैसे, पैशाला तीन पई. म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पई. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. सोळा या आकड्याची गंमत अशी की तो चार वेळा निम्मा करता येतो: आठ, चार, दोन, एक. पाटीपेन्सिल न घेता बाजार करणाऱ्या बाईला निम्म्याचं निम्मं सहज कळतं. पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड, अडीच हे शब्द आणि शाळेत घोकून घेतलेल्या पावकी-निमकी-पाऊणकी याच जगातल्या.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पणजी तेव्हा तिशीत होती, म्हणजे सगळा संसार आण्यांत हिशेब करून झालेला. नुसतं नाणं बदललं असतं तर प्रश्न नव्हता. पण सोळा आणि शंभर एकमेकांत सरळ बसत नाहीत. एका आण्याचे नेमके सव्वासहा नये पैसे होतात आणि पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस असा तक्ता ठरला. अर्धा पैसा आला की तो सोडून द्यायचा आणि अर्ध्याहून जास्त आला की पुरा धरायचा. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं एकाच गल्ल्यात फिरत होती, त्यामुळे घोळ रोजचा होता.

हा घोळ भाषणात एका उदाहरणानेच दाखव. चार आण्यांची पावली दुकानदाराच्या हातात दिली तर पंचवीस नये पैशांचा माल मिळे. तोच माणूस चार वेगवेगळ्या खेपांना एकेक आणा देत गेला, तर प्रत्येक वेळी सहाच धरायचे, म्हणजे एकूण चोवीस. एक पैसा कुणी चोरला नाही, तरी गेला. रोज थोडं थोडं आणणाऱ्या घरालाच तो जाणवायचा. हे ऐकताना लोक मनातल्या मनात गुणाकार करतील, म्हणून इथे क्षणभर थांब. सगळा तक्ता वाचलास तर मात्र मंडपातून पंख्याचाच आवाज ऐकू येईल.

1 जून 1964 ला ‘नये’ हा शब्द गेला आणि उरला नुसता पैसा. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, म्हणजे तिची पावली तिच्या डोळ्यांदेखत संपली. आणेवारी मात्र अजून चालू आहे. सरकारी कागदावर पैसेवारी लिहितात, पण पीक किती आलं हे बोलताना गावात आणेच निघतात. आणि एखादं बोलणं पटलं की ‘सोळा आणे खरं’ म्हणतोच आपण.

मापांत जास्त जपून राहा. वजनाचा पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. पण शेर सगळीकडे एक नव्हता. मुंबईकडचा जुना शेर याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. शिवाय धान्य वजनाने नव्हे, मापाने मोजायचे: चिपटं, मापटं, शेर, पायली. पायलीत चार शेर, पण हे मापाचे शेर. तांदळाची पायली आणि ज्वारीची पायली वजनात सारखी भरत नाही, म्हणून ‘पायली म्हणजे इतके किलो’ असं चुकूनही म्हणू नकोस. पुढच्या रांगेतला एखादा जुना शेतकरी तिथेच अडवेल, आणि बरोबरच अडवेल. मणात किती पायल्या, हेही गावागणिक वेगळं. ते पणजीलाच विचार आणि तिचा आकडा तिच्या गावाचा म्हणून सांग.

1958 च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्याने आला आणि 1962 पर्यंत त्याची सक्ती झाली. शेर गेला, पावशेर राहिला. मंडईत आजही ‘पावशेर मिरची द्या’ म्हटलं की अडीचशे ग्रॅम मिळतात. जुना पावशेर वीस तोळ्यांचा, म्हणजे 233 ग्रॅमचा. शब्द तोच, माल सतरा ग्रॅम जास्त. सोन्यात याच्या उलटं झालं. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आणि आज सराफाकडे तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. पणजी ‘लग्नात पाच तोळे घातले’ म्हणते ते 58 ग्रॅम होते. ऐकणारी नातसून मनात पन्नास धरते. मिरची वाढली आणि सोनं घटलं, हे वाक्य तुला फुकट देते. हसू हमखास येईल.

शेवटचं माप तिच्या अंगावर आहे. वार म्हणजे छत्तीस इंच, 91.44 सेंटीमीटर. नऊ वार म्हणजे 8.23 मीटर. कापडाच्या दुकानात आता मीटरपट्टी असते, पण नऊवारीला कुणी सव्वाआठमीटरी म्हणत नाही. तुझी साडी साडेपाच मीटरची, म्हणजे सहा वारच. इथे बोलणं थांबव आणि पणजीकडे बघ. सगळे तिच्या लुगड्याकडे बघतील.

एक नमुना लिहून देते. तसाच पाठ करू नकोस, तुझ्या तोंडचा कर.

“पणजी, तू आम्हाला बाजारातून पावशेर मिरची आणायला सांगतेस, तेव्हा जो शेर तू म्हणतेस तो माझ्या आईच्याही जन्माआधी बंद झाला. तिशीत असताना तुला रुपया परत शिकावा लागला. आधी त्याचे सोळा भाग होते, मग शंभर झाले, आणि दोन्हींची नाणी एकाच बटव्यात होती. चार आणे एकदम दिले तर पंचवीस पैसे, एकेक करून दिले तर चोवीस, हे तुझ्या बटव्याला कळत होतं. तोळा बारीक झाला, पावशेर जाड झाला, आणि नऊवार तेवढा नऊ वारच राहिला.”

एवढं बोलून पन्ह्याचा पेला उचल.

तिच्या ऐकण्याचं सांगायचं राहिलं. या वयात बारीक, उंच आवाज आधी हरवतात. म्हणून ओरडू नकोस, ओरडलं की आवाज आणखी चढतो. खालच्या पट्टीत, सावकाश, वाक्यावाक्याला थांबत बोल. ज्या कानात यंत्र आहे त्या बाजूला, तिच्यापासून चार-पाच फुटांवर उभी राहा आणि उजेड तुझ्या तोंडावर पडू दे, तिच्या डोळ्यांत नको. ध्वनिक्षेपकाचं तोंड तिच्या खुर्चीकडे असेल तर यंत्रात नुसता कल्लोळ होतो. तो वळवायला मंडपवाल्याला आधीच सांगून ठेव. आणि चारचौघांत तिला प्रश्न विचारू नकोस. आठवलं नाही तर ती ओशाळते.

वय सांगताना ‘शंभर वर्षं पूर्ण’ की ‘शंभरावं लागलं’ हे मामाला विचारून घे. दोन्हींत वर्षाचा फरक आहे आणि पत्रिकेत एक, भाषणात दुसरं असं व्हायला नको. आधारवर तिची तारीख 1 जून आहे. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच आहे, कारण तारीख ठाऊक नसली की कागदावर तीच टाकायचे. तेव्हा भाषणात तारीख घेऊच नकोस. तिथी आणि तारीख साधारण एकोणीस वर्षांनी जुळतात. तिच्या पंच्याण्णवाव्याला जुळल्या असतील, शंभराव्याला जुळणार नाहीत. म्हणून ‘आजच्याच दिवशी’ हे शब्दही टाळ.

भोकाचा पैसा दादाबरोबर पाठवते आहे, डबीत कापसात गुंडाळून. घासू नकोस, हिरवट आहे तसाच राहू दे. भाषण झालं की तो तिच्या हातात दे आणि लगेच परत मागू नकोस. रात्री उशीखाली सापडेल.

तुझी
आई