तालुक्यातला पाचवा वीट कारखाना मंजूर करण्याआधी: उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून विटा करणारे छोटे कारखाने आमच्या भागात जागोजागी आहेत. एक पॅन मिक्सर, एक हायड्रॉलिक प्रेस, फळ्यांवर रचलेल्या ओल्या विटा आणि त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणाऱ्या बाया. गावातल्या तरुणाला कर्ज काढून सुरू करता येईल असे जे थोडे धंदे आहेत, त्यातला हा एक. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात त्यासाठी अर्ज करता येतो, आणि ग्रामीण भागातल्या महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळते. ही योजना बंद करा असे मी म्हणत नाही. मी तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. अर्जासोबत जो प्रकल्प अहवाल जोडला जातो, त्यातला एक हिशेब मुळातूनच चुकतो आणि त्याची किंमत नवा माणूस आणि जुने कारखानदार असे सगळेच मोजतात, एवढेच आपल्यासमोर मांडायचे आहे.

वीट जड असते. ट्रॅक्टरने फार लांब नेली की भाड्यातच नफा जातो, म्हणून प्रत्येक तालुक्याचा बाजार जवळजवळ वेगळाच. शिवाय वीट आधी करून, मुरवून, रचून ठेवावी लागते. म्हणजे प्रत्येक कारखानदार आधी ठरवतो ते किती विटा पाडायच्या. भाव नंतर, सगळ्यांचा माल बाजारात आल्यावर ठरतो. अशा बाजाराचा हिशेब कूर्नो नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1838 मध्ये मांडला. तो आपल्या तालुक्याला लावून बघू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी घेतलेले आहेत, पण हिशेबाची पद्धत तीच.

समजा, विटेचा भाव 9 रुपये झाला तर तालुक्यात कोणी राखेची वीट घेत नाही, आणि वर्षाला प्रत्येक जास्तीच्या एक लाख विटांमागे भाव 5 पैशांनी उतरतो. राख, सिमेंट, चुरी, मजुरी आणि वाहतूक मिळून एका विटेला 4 रुपये पडतात. याशिवाय विटा पाडा की नका पाडू, बँकेचा हप्ता, जागेचे भाडे, विजेचा स्थिर आकार आणि मुनीम असा वर्षाचा 15 लाखांचा ठरलेला खर्च आहे.

चार कारखाने असतील तर प्रत्येक जण वर्षाला 20 लाख विटा पाडतो. एकूण 80 लाख, भाव 5 रुपये, विटेमागे सुटतो 1 रुपया. यापेक्षा जास्त कोणी का पाडत नाही? एक लाख विटा वाढवल्या तर त्यावर 1 रुपयाप्रमाणे 1 लाख मिळतात, पण भाव 5 पैशांनी पडल्याने आधीच्या 20 लाख विटांवर तेवढेच 1 लाख जातात. फायदा आणि तोटा जिथे बरोबरीला येतात, तिथे प्रत्येक जण थांबतो. 20 लाख सुटले, 15 लाख ठरलेला खर्च गेला, प्रत्येकाच्या हातात वर्षाला 5 लाख उरले.

आता पाचवा अर्जदार येतो. त्याचा प्रकल्प अहवाल करणारा आजचा भाव 5 रुपये धरतो, उत्पादन इतरांसारखेच 20 लाख धरतो आणि नफा 5 लाख दाखवतो. बँकेला कागद बरोबर वाटतो, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीलाही वाटतो. चूक नेमकी इथेच आहे. तो भाव चार कारखान्यांचा आहे, आणि याचा कारखाना उभा राहील त्या दिवशी कारखाने पाच झालेले असतील. पाच जण असले की प्रत्येकाच्या वाट्याला 16.67 लाख विटा येतात, एकूण 83.33 लाख, भाव 4 रुपये 83 पैसे. विटेमागे 83 पैसे सुटतात, म्हणजे वर्षाला 13.89 लाख. ठरलेला खर्च 15 लाख. तोटा 1.11 लाख, आणि तो एकट्या पाचव्याचा नाही, पाचही जणांचा. वरवर बघता भाव फक्त 17 पैसे उतरलेला असतो.

पाचव्याच्या 16.67 लाख विटांपैकी तालुक्यात खरोखर जास्तीच्या किती आल्या? एकूण विक्री 80 वरून 83.33 लाखांवर गेली, म्हणजे 3.33 लाख. उरलेल्या 13.33 लाख विटांचे गिऱ्हाईक त्याने आधीच्या चौघांकडून ओढले. समितीच्या कागदावर ते सगळे नवे उत्पादन म्हणून नोंदले जाते, आणि रोजगाराचा आकडाही त्याच धर्तीवर मोजला जातो. मॅनकिव आणि व्हिन्स्टन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये हेच दाखवले होते: नवा येणारा दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढत असेल आणि प्रत्येकाला ठरलेला खर्च असेल, तर मोकळ्या बाजारातसुद्धा गरजेपेक्षा जास्त कारखाने उभे राहण्याकडे कल असतो. आपले अनुदान त्या कलाला आणखी रेटा देते.

तालुक्यात किती कारखाने तगतील, हे काढायला मोठे गणित लागत नाही. सर्वात वरचा भाव 9 आणि विटेमागचा खर्च 4 यांतले अंतर 5 रुपये. 4 रुपयांच्या भावाला विक्री 100 लाख. गुणाकार 500 लाख. त्याला ठरलेल्या खर्चाने, म्हणजे 15 लाखांनी भागा, वर्गमूळ काढा, त्यातून 1 वजा करा. उत्तर येते 4.77. शाळेच्या सवयीने आपण त्याचे 5 करतो, आणि इथे तेच चालत नाही. अपूर्णांक कितीही मोठा असला तरी तो सोडूनच द्यायचा, कारण पाऊण कारखाना कोणी काढत नाही. पाचवा आला की पूर्णच येतो, आणि पूर्ण पाचासाठी जागा नाही. म्हणून उत्तर 4. त्या चौघांच्या हातात जे 5 लाख उरतात ते पाचव्यासाठी जागा असल्याची खूण नसते; पूर्ण आकड्यांच्या बाजारात तेवढा नफा उरणारच. जिथे चाळीस-पन्नास कारखाने असतात, तिथे एकाच्या येण्या-जाण्याने फारसे बिघडत नाही. तालुक्याच्या बाजारात मात्र चार आणि पाच यांच्यामध्येच नफ्याचा तोटा होतो.

पूर्ण आकड्यांचा आणखी एक परिणाम अनुदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वरच्या उदाहरणात ठरलेला खर्च 14 लाख असो की 20 लाख, उत्तर 4 हेच येते. मात्र तो 13.89 लाखांच्या खाली गेला की पाचव्याला जागा होते. आता 40 लाखांच्या प्रकल्पाला 35 टक्के म्हणजे 14 लाख अनुदान धरा. पाच वर्षांवर वाटले तर, व्याज बाजूला ठेवूनही, वर्षाला जवळपास 3 लाख होतात. ज्या तालुक्यात ठरलेला खर्च 15 लाख आहे, तिथे तो 12 लाखांवर येतो आणि पाचवा कारखाना टिकतो. निदान यंत्र बदलायची वेळ येईपर्यंत. शेजारच्या तालुक्यात तोच खर्च 19 लाख असेल तर तो 16 वर येतो आणि तिथे संख्या चारच राहते, म्हणजे अनुदानाने एकही नवा कारखाना वाढत नाही. एकच नियम, एकच टक्केवारी, पण एका तालुक्यात उडी आणि दुसऱ्यात काहीच नाही. जिल्ह्याला सरसकट लक्ष्यांक देणाऱ्या पद्धतीत हे दिसतच नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात कारखाने वाटण्याची कल्पनाही इथे टिकत नाही, कारण हिशेबात वर्गमूळ आहे. बाजार दुप्पट झाला तर 4.77 चे 7.16 होतात, दुप्पट होत नाहीत.

जास्त झालेले कारखाने आपोआप बंद पडून संख्या परत चारवर येईल, असे कोणी म्हणेल. तसे लवकर होत नाही. कारखाना बंद केला तरी बँकेचा हप्ता सुटत नाही, आणि जुने यंत्र विकायला गेले तर कवडीमोल भाव येतो. विटेमागे 83 पैसे सुटत असतील तर यंत्र चालू ठेवण्यातच शहाणपण असते. तेवढाच हप्त्याला हातभार. त्यामुळे पाचही जण चालू राहतात आणि पाचही जण थोडेथोडे थकत जातात. हे ओळखायचे कसे? विटांचे ट्रॅक्टर रोज निघतात, मजूर कामावर असतात, आणि तरीही एकाच तालुक्यातल्या एकाच धंद्याची खाती एका मागोमाग थकीत होतात. असे दिसले की दोष त्या पोरांच्या मेहनतीत शोधू नये, संख्या मोजावी.

याहून वाईट तेव्हा होते, जेव्हा तालुक्यात तीनच कारखाने असतात. तेव्हा प्रत्येकाला वर्षाला 16.25 लाख उरतात, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. जागा खरोखर आहे, पण एकाचीच. एकाच बैठकीत तीन अर्ज मंजूर झाले तर कारखाने सहा होतात आणि प्रत्येकाला वर्षाला 4.8 लाखांचा तोटा लागतो. तिघांपैकी प्रत्येकाचा हिशेब एकटा धरला तर बरोबर होता. बाकीचे दोघे अर्ज करून बसले आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

या हिशेबाच्या मर्यादाही सांगते. विटा सारख्याच, सगळ्यांचा खर्च सारखा आणि कोणी भाव पाडून लढत नाही, असे यात धरले आहे. भावात चढाओढ लागली तर चारही टिकणार नाहीत. दुसऱ्या बाजूला, गिऱ्हाईक आणि कारखानदार या सगळ्यांचा फायदा एकत्र मोजला तर याच आकड्यांत दोन कारखाने सर्वात बरे ठरतात. तरीही दोनवर थांबवा असे मी म्हणणार नाही. दोघे असले की वीट 5 रुपये 67 पैशांना जाते, आणि दोघांना एकत्र बसून भाव आणखी चढवायलाही वेळ लागत नाही. त्याचा भार घरकुलाचा हप्ता जपून वापरणाऱ्या कुटुंबावर पडतो. म्हणून मला परवान्याची बंदी नको आहे. स्वतःच्या पैशाने कोणी पाचवा कारखाना काढत असेल, तर तो त्याचा हक्क आहे. सरकारी अनुदान आणि सरकारी शिफारस देताना मात्र हिशेब पूर्ण असावा.

त्यासाठी तीन गोष्टी मागते. जिल्हा उद्योग केंद्राने प्रत्येक तालुक्यात त्या धंद्याचे किती कारखाने चालू आहेत, किती मंजूर आहेत आणि किती अर्ज प्रलंबित आहेत, ही यादी अर्ज भरण्याआधीच तालुक्याला लावावी. प्रकल्प अहवालात आजच्या भावाचा नफा न धरता, चालू आणि मंजूर कारखान्यांत हा नवा धरून जो भाव उतरेल त्याचा नफा दाखवणे बंधनकारक करावे. गेल्या दोन-तीन हंगामांतली विक्री आणि भाव गावातल्या कारखानदारांकडून आणि ठेकेदारांकडून मिळू शकतात, आणि अंदाज थोडा इकडे-तिकडे झाला तरी पूर्ण आकडा बहुधा तोच राहतो. आणि एका तालुक्यातले एकाच धंद्याचे अर्ज एकगठ्ठा मंजूर न करता एकामागून एक विचारात घ्यावेत. आधीचा कारखाना सुरू होऊन एक हंगाम गेल्यावर पुढचा. ज्याचा अर्ज थांबेल त्याला कारण लेखी द्यावे आणि ज्या तालुक्यात त्याच धंद्याला अजून जागा आहे त्याचे नाव त्याच कागदावर लिहावे.

आपली नम्र,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका
जि. चंद्रपूर