उत्तर चुकलं, पण कुठे?

महोदय,
साठ मुलांच्या वर्गात ५०३ – २४८ या वजाबाकीचं एका मुलाचं उत्तर ३४५ येतं, दुसऱ्याचं ३५५. दोन्ही वह्यांवर लाल फुलीच पडते. खरं उत्तर २५५. पहिला प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. त्याला उसना घेणंच कळलेलं नाही. दुसरा शून्याचे नऊ करतो, पण शतकाचा पाच चार करायला विसरतो. एआय शिकवणी ही चूक ओळखून प्रत्येकाला वेगळं पुढचं गणित देऊ शकते. गर्दीच्या वर्गात एवढी मदत फार मोलाची आहे.

मात्र पर्यायी उत्तरं बंद ठेवून उभी मांडणी टाइप करून घ्यावी. नाहीतर मुलं अंदाजाने बोट लावतात, किंवा उत्तर दिसेपर्यंत ‘सूचना’ दाबत राहतात. प्रत्येक सूचनेनंतर काही सेकंदांतच पुढची मागितली असेल, तर मूल वाचत नाहीये हे ओळखावं.

पहिल्या मुलाला पडद्यावरचं स्पष्टीकरण पुरत नाही. काड्यांचा दहाचा गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवून घ्यावा लागतो. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. ‘कितीने कमी’ हे शब्दच अडले, तर यंत्र पुन्हा वजाबाकीच देत बसतं. बाई मुलाचा चेहरा बघून तेलुगू येणाऱ्या शेजारच्या मुलीला विचारायला सांगतात. टॅबलेटसाठी निधी मिळेल, पण त्याच्या बदल्यात शिक्षकांची रिक्त पदं तशीच ठेवू नयेत.

– एक शिक्षक, सोलापूर