जामीन मंजूर झाला तरी माणूस आतच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला कच्च्या कैद्यांवरचा लेख वाचला. न्यायाधीशांची पदं भरा, कोर्टं वाढवा, व्हिडिओ कॉन्फरन्सवर तारखा घ्या, हे सगळं व्हायलाच पाहिजे. पण ज्यांना जामीन मिळालाय आणि तरी जे जेलमध्ये बसलेत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या ट्रॅक्टरवर कामाला असलेला पोरगा, मूळचा बीडकडचा, घरातल्या चोरीच्या केसमध्ये अडकला. पहिलीच केस. कोर्टानं पंधरा हजारांचा जामीन दिला, पण अट अशी की जामीनदार इथलाच पाहिजे. बीडच्या पोरानं इथला जामीनदार आणायचा कुठून? मी उभा राहिलो तर माझा सातबारा सामाईक, त्यावर चुलतभावांची नावं आणि वर सोसायटीचा बोजा, क्लार्कनं कागद परत दिले. अहो, ऊस लावणाऱ्या कुठल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा नसतो? ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला गेलो तर तिथं तलाठ्याचा रिपोर्ट आणा म्हणाले. शेवटी वकिलांनी रोख रक्कम भरायची परवानगी मागितली, ती मिळाली तेव्हा पोरगं बाहेर आलं, तोवर त्याची दिवाळी आतच गेली.

सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ लाच सांगितलंय की स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका लांबते, तशी अट घालू नये. जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. आमच्या वेळी यातलं काहीच झालेलं दिसलं नाही, सगळी धावपळ घरच्यांनी आणि आम्हीच केली.

तुमच्या लेखात नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चं कौतुक आहे, की पहिल्या गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तो आपोआप सुटतो. आपोआप नाही सुटत, जेल अधीक्षकांनी कोर्टाकडे लेखी अर्ज करावा लागतो, आणि दुसरी एखादी केस चालू असेल तर हा फायदा मिळतच नाही. शिवाय घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे एक तृतीयांश झाले दोन वर्षं चार महिने. तेवढे दिवस काढल्यावर कायदा त्याला नुसत्या जातमुचलक्यावर सोडायला तयार आहे, जामीनदार मागत नाही. मग ज्याला कोर्टानंच जामीन दिलाय त्या गरिबाला पहिल्याच महिन्यात जातमुचलक्यावर का सोडत नाही? माझी मागणी एवढीच आहे.

आणखी एक. त्याला अटक झाली तेव्हा तुमच्या सांगली पानावर त्याचं नाव, वय, गाव सगळं छापून आलं, त्यावरून त्याच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. गुन्हा शाबित व्हायच्या आधी अशी नावं छापणं बंद करा.

आपला,
एक वाचक, तासगाव