राजाचं नाव यादीतून काढलं

इंदूर, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, आईचा गुडघाही. पुढे.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. परवा चर्चच्या पास्टरेट कमिटीत आपल्या राजाचं नाव निघालं. जे येत नाहीत त्यांना सभासद यादीतून कमी करायचं होतं. राजाचं नाव वाचलं तसे एक जण (नाव लिहीत नाही, तू ओळखशीलच) अगदी शांतपणे म्हणाले, "देवाने तारणासाठी तो मुळात निवडलेलाच नव्हता. असता तर टिकला असता. आता त्याला बोलून काय उपयोग? प्रार्थना करू." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचं नाव. छपराच्या पत्र्यांवर त्याच बैठकीत पाऊण तास गेला होता.

मी म्हणालो, हे सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणून झालंय आणि त्याला उत्तरही मिळालंय. पाळकसाहेब म्हणाले, "चहा घ्या, भिया."

तू असतास तर मला एवढं बोलायला लागलं नसतं. पण खरं सांग, हॅड्रुमेटमचं प्रकरण तुला आठवतं का? चर्च हिस्टरीच्या त्या तासाला तू मागच्या बाकावर झोपला होतास. आणि सरांनीही ते अर्ध्या पानात उरकलं होतं. म्हणून नीट सांगतो. रविवारी दुपारी ईश्वरविद्येच्या बी.डी.ची मुलं येतात, त्यांनाही सध्या हेच सांगतोय.

हॅड्रुमेटम म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं सूस. तिथे एक मठ होता आणि व्हॅलेंटिनस हा त्याचा मठाधिपती. साधारण ४२६ साली फ्लोरस नावाच्या साधूला आपल्या गावी, उझालिसला, हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचं एक जुनं पत्र सापडलं. ४१८च्या सुमाराला रोमच्या सिक्स्टसला लिहिलेलं. हा सिक्स्टस पुढे पोप झाला. त्यात ते प्रसिद्ध विधान आहे: देव आपल्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. फ्लोरसने नक्कल केली आणि सोबत्याच्या हाती मठात पाठवली. मठाधिपतीला पत्ताच नाही. काहींनी ती वाचली आणि भांडण पेटलं. सगळं कृपेनंच होत असेल तर आपली इच्छा, आपले कष्ट कशाला? न्यायाच्या दिवशी देव प्रत्येकाला त्याच्या कृत्यांप्रमाणे फळ कसं देणार?

दोन तरुण साधू हिप्पोला ऑगस्टीनकडे गेले. त्याने त्यांना ईस्टर होईपर्यंत ठेवून घेतलं, समजावलं आणि सोबत एक ग्रंथ दिला, कृपा आणि स्वतंत्र इच्छेवर. आमची मुलं इथेच चुकतात. उत्तरपत्रिकेत लिहितात, "ऑगस्टीन : कृपा शंभर टक्के, कर्मे शून्य." तो असं म्हणतच नाही. कर्मांना फळ मिळतं हे तो मानतो, पण ती कर्मंही आधी दिलेली असतात, म्हणून सार्वकालिक जीवन एकाच वेळी मोबदलाही आहे आणि दानही. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. आपलं तारण साधून घ्या असं पौल सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही देवच तुमच्यात घडवतो. ऑगस्टीन यातलं एकही वाक्य सोडायला तयार नाही. निवडीचं वाटप अर्धं देवाचं, अर्धं आपलं, हे त्याला मान्यच नव्हतं. (तुझं हॉस्टेलमधलं 'पन्नास-पन्नास' आठवलं. किती ओरडायचास!)

खरी गंमत पुढे आहे. त्या ग्रंथानंतर तिथलाच कोणीतरी म्हणाला, ठीक आहे, मग वरिष्ठांनी काय करायचं ते सांगावं, आमच्या हातून घडावं म्हणून प्रार्थना करावी. नाही घडलं तर रागावू नये. ज्याला मिळालंच नाही त्याचा काय दोष? आपल्या कमिटीतलं वाक्य आणि हे, यात फरक काय सांग! तिथे साधू स्वतःची कातडी वाचवत होते, इथे आपण राजाकडे जायचा त्रास वाचवला, एवढाच.

यावर ऑगस्टीनने दुसरा ग्रंथ लिहिला, कानउघाडणी आणि कृपेवर. तो म्हणतो, प्रेषितांनी तिन्ही केलं. शिकवलं, खडसावलं, प्रार्थनाही केली. तुला बोलणी नको वाटतात यावरूनच तुला त्यांची गरज आहे हे कळतं, कारण दुखल्याशिवाय तू वैद्य शोधणार नाहीस. आणि देव माणसाच्या बोलण्यातूनही कृपा पोचवू शकतो. तुझा मेथडिस्ट वेस्ली १७३९च्या प्रवचनात म्हणाला होता की निवड आधीच ठरली असेल तर सगळा उपदेश व्यर्थ. त्याला हेच उत्तर लागू पडतं: शेवट ठरला असेल तर तिथवर नेणारी वाटही ठरलेली आहे. रागावू नकोस, या पत्रात तुला तेवढाच एक टोमणा.

पण कमिटीतल्या त्या गृहस्थांनाही ऑगस्टीनमध्ये आधार सापडतो, हे मला छळतंय. जे गळाले ते नीट वागत होते तेव्हाही निवडलेल्यांत नव्हते, असं तो खरंच म्हणतो, आणि योहानाचं 'ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हते' हे त्यासाठी वापरतो. शेवटपर्यंत टिकणं ही त्याच्या मते वेगळी देणगी आहे. फक्त हा निकाल मेल्याशिवाय लागत नाही. जिवंतपणी कुणालाही आपण निवडलेल्यांच्या संख्येत आहोत याची खात्री धरता येत नाही, असं तो बजावतो. म्हणजे राजाबद्दल बोलणाऱ्याला स्वतःबद्दलही ठाऊक नाही! सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन इथे वेगळा पडतो, तो विश्वासणाऱ्याला निवडीची खात्री देऊ करतो. ट्रेंटच्या कॅथलिक सभेने १५४७ साली विशेष प्रकटीकरणाशिवाय अशी खात्री नाही असंच ठरवलं. मुलं ऑगस्टीन आणि कॅल्विनला एकाच टोपलीत टाकतात, ते याच जागी ओळखू येतं. आणि कोण त्या संख्येत आहे हे ठाऊक नाही, म्हणून प्रत्येकाचं तारण व्हावं अशाच प्रेमाने वागायचं, हा ऑगस्टीनचा निष्कर्ष.

इथे थांबला असता तर मी सुखाने झोपलो असतो. पण तिथेच तो हेही लिहितो, की माणूस निवडलेला असेल तर कानउघाडणी त्याला औषध होईल आणि नसेल तर शिक्षेची यातना. मग मी राजासमोर उभा राहून काय घेऊन गेलो, हे मला कधीच कळणार नाही. काहींना टिकण्याची देणगी का आणि काहींना का नाही, याला ऑगस्टीनकडे 'देवाचे निर्णय अगाध' याखेरीज उत्तर नाही. ५२९ साली ऑरेंजच्या सभेने कृपेची बाजू घेतली, पण देव कुणाला वाइटासाठी नेमतो या मताचा स्पष्ट धिक्कार केला. तेवढ्याने मला थोडं बरं वाटतं, पण राजापुरतं ते पुरत नाही.

राजाचं म्हणशील तर तो भेटला होता, महूला, बसस्टँडवर. दुपारीच वास येत होता. म्हणाला, "मी यादीत नाही ना, मग कशाला येतोस?" ही बातमी त्याला कोणी पोचवली देव जाणे. बायबलमधल्या यादीबद्दल म्हणत होता की सभासदांच्या, तेही कळलं नाही. मी म्हटलं, चहा पी. तो प्यायला, पैसे त्यानेच दिले, आणि निघून गेला.

शनिवारी परत जातोय. यावेळी दारूबद्दल स्पष्ट बोलणार आहे, रागावला तरी. तू आलास तर फार बरं होईल. तुझं तो ऐकायचा, माझ्याशी फक्त वाद घालायचा.

तुझी बदली झाली का? छोटीचं अ‍ॅडमिशन कुठे झालं? वहिनींना नमस्कार, त्यांच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे. राजाचा नवा नंबर असेल तर लगेच पाठव, माझ्याकडचा लागत नाही.

तुझा,
बाळ्या