ब्रिटनच्या व्हिसा अर्जातील पैशांचा तपशील

दांडिया बाजार, वडोदरा
1 जून

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

अर्जातील पैशांचा भाग तू पुण्याहून एकटीच भरणार आहेस, म्हणून बँकेतून आणलेला खातेउतारा पाठवतो आहे आणि त्यातले काय कुठे लिहायचे तेही कळवतो.

स्पॉन्सरचा परवाना क्रमांक आणि पत्ता विचारला आहे तिथे माझे नाव घालू नकोस. तिथे विद्यापीठाचा तपशील हवा, तो विद्यापीठाने प्रवेशासाठी दिलेल्या कॅस या पत्रावरून जसाच्या तसा उतरव. अधिकृत आर्थिक प्रायोजक आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दे, कारण त्यात सरकार, विद्यापीठ किंवा आंतरराष्ट्रीय कंपनी असे प्रायोजक येतात, आईवडील येत नाहीत. पैसे आईवडिलांच्या खात्यात आहेत हे वेगळे नोंदवायचे आहे.

काकाचे खाते मात्र या नियमात बसत नाही, म्हणून त्याने दिलेले 6 लाख माझ्या खात्यात घेतले. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च मिळून आपल्याला साधारण 24 लाख दाखवायचे आहेत. काकाची रक्कम 3 मे रोजी जमा होऊन शिल्लक 26 लाख झाली, तेव्हा सलग 28 दिवसांची मोजणी त्या दिवसापासून सुरू होऊन 30 मे रोजी पूर्ण झाली. या काळात एक दिवस जरी शिल्लक गरजेपेक्षा खाली गेली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. सरासरी चांगली असून उपयोग नसतो. घरकर्जाचा हप्ता मी याच कारणाने दुसऱ्या खात्यातून जाऊ दिला. वरचे 2 लाख रुपया घसरला तर असावेत म्हणून आहेत, कारण पौंडातील हिशेब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो.

उताऱ्यातील शेवटची शिल्लक अर्जाच्या तारखेआधी 31 दिवसांच्या आतली लागते. आपली 30 मेची आहे, म्हणजे 30 जूनपर्यंत मुदत आहे. परंतु अर्जाची तारीख म्हणजे व्हिसाची फी ऑनलाइन भरल्याची तारीख, बोटांचे ठसे देण्याची नव्हे. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस, उशीर झाला तर नवा उतारा काढावा लागेल.

नाते दाखवण्यासाठी तुझा जन्मदाखला लागतो. आपल्या महानगरपालिकेचा तो दाखला गुजरातीत असल्यामुळे, अनुवादकाचे नाव, सही, तारीख आणि भाषांतर अचूक असल्याची ग्वाही असलेला इंग्रजी अनुवाद करून घेतला आहे. पैसे तुझ्या शिक्षणासाठी वापरण्यास आमची संमती आहे, असे पत्र मी आणि आईने सह्या करून सोबत ठेवले आहे.

फी भरण्यापूर्वी भरलेल्या अर्जाची पीडीएफ मला पाठव, म्हणजे माझ्या नावाचे स्पेलिंग आणि रकमा उताऱ्याशी ताडून पाहता येतील.

तुझे बाबा